मुलाकडचा मेसेज

माणसाची पारख त्याच्या अक्षरावरून होते, असं देवळाली प्रवऱ्याच्या भिमाजींचं ठाम मत होतं. मोबाईलमध्ये सगळ्यांचंच अक्षर एका वळणाचं येतं, ही गोष्ट त्यांनी मताच्या आड येऊ दिली नाही.

कोल्हारचा अमृत त्यांच्या लेकीला, दिशाला, बघून गेला होता. जाताना दिलेल्या बायोडेटावरचा नंबर भिमाजींनी ‘अमृत कोल्हार’ म्हणून सेव्ह केला. दिशाला मुलगा पसंत होता. भिमाजींचा होकार तेवढा बाकी होता. रविवारी दुपारी त्या नंबरावरून मेसेज आला:

Hlo. Hw r u? Jvn zl k? Tumchi 8vn aali. Ans dya 2day b4 8.

“पेताड दिसतोय,” भिमाजी म्हणाले. “एक शब्द धड न्हाई. नकार कळवून टाकू.”

दिशाने वाद घातला नाही. तिने सुकन्याआत्याला बोलावून आणलं. आत्या कॉम्प्युटर क्लास चालवायची, त्यामुळे चुकायची तिला सवय नव्हती.

“दादा, चष्मा लाव. स्वर गाळलेत, व्यंजनं ठेवलीत, एवढंच. Hw म्हणजे हाऊ. r म्हणजे आर, u म्हणजे यू. कसे आहात, विचारतोय.”

“मंग तसं विचारावं की.”

“पुढं जेवण झालं का. मग 8vn. इथला आठ मराठीत वाचायचा. आठवण.”

“आन् ह्यो चार?”

“तो इंग्रजीत. बी, फोर. बिफोर. 2day म्हणजे टुडे, Ans म्हणजे उत्तर. आज आठच्या आत उत्तर द्या.”

“येका मेसेजात आठ मराठी आन् चार इंग्रजी. मानूस येका जागी ठाम न्हाई.”

“काटकसरी आहे. दोन अक्षरांत भागतं तिथं सहा खर्च करत नाही. आणि बोटं बघ किती चपळ. हा हात पंचविशीतलाच. रोज पोरं बघते मी.”

“पन आठवन? येकदा पोहे खाऊन गेला, लगीच आठवन?”

“पोरीची नाही यायची तर काय तुझी येणार?”

भिमाजींनी फोन दिशाच्या हातात दिला. “तूच कळीव. तुमच्या भाषेत.”

दिशाने खाली मान घालून लिहिलं: Jvn zl. Mlahi 8vn aali. Ans ho.

आत्याने तपासलं, एकही स्वर वायफळ नाही म्हणाली, आणि पाठव म्हणाली. चहाचं आधण ठेवेपर्यंत उलट मेसेज आला.

Thx. Amrut la sngto.

“थँक्स,” आत्याने स्वर भरत वाचलं. “अमृतला सांगतो.”

मग तिने पुन्हा एकदा, मनातल्या मनात वाचलं.

बायोडेटावर संपर्कासाठी नंबर अमृतच्या मामांचा होता, आपल्याकडे असतो तसा. मामा बटणांच्या फोनवर टाइप करायला शिकलेले आहेत आणि गेल्या वर्षी साखर कारखान्यातून निवृत्त झाले.