पुसलेलं नाव

पद्मजाने पाठवलेल्या जुन्या फोटोत 'बाळ आर्ट्स' पाटीचा 'ट्स' पोपडे निघून गेला होता. "काका, नाव नीट करून द्याल? आईला फ्रेम करून द्यायचीय," एवढंच तिने लिहिलं होतं. पद्मजा म्हणजे अवधूतची मुलगी. अवधूत आणि बाळ सदाशिव पेठेत भागीदारीत पाट्या रंगवायचे. नंतर परांचीवरून पडून अवधूत गेला.

चाळीस वर्षं ब्रश धरलेल्या बाळने टॅबवरची पेन्सिल तशीच चिमटीत धरली. सून पूर्णिमा शेजारी बसली.

"बाबा, मूळ फोटोला हात लावू नका. त्यावर नवा लेअर घ्या. काच ठेवल्यासारखा. चुकलं तर काचच पुसायची."

दोन बोटांनी चित्र मोठं करायचं, शाबूत अक्षरावर बोट दाबून धरून त्याचाच रंग उचलायचा, हे तो पटकन शिकला. 'ट्स' झकास उतरला, पण नव्या रंगासारखा चकाकत होता. पूर्णिमाने लेअरची अपारदर्शकता कमी करायला लावली. खालच्या लाकडाच्या रेघा अक्षरातून दिसू लागल्या.

"आता फोटोचा कॉन्ट्रास्ट वाढवा, जुन्या अक्षरांच्या कडा कळतील," असं सांगून ती चहा टाकायला गेली.

बाळने पट्टी उजवीकडे सरकवली. 'बाळ'च्या डावीकडे, तपकिरी रंगाखालून, अक्षरं वर आली. अवधूत.

घाईघाईत त्या नावावर रंगाचा एकच हात मारला होता त्याने. कोपऱ्यात कॅमेऱ्याने छापलेली नारिंगी तारीख होती: १२ मे १९९१. अवधूत दवाखान्यात वीस तारखेला गेला होता. नाव तो गेल्यावर काढलं, असंच बाळ सगळ्यांना सांगत आला होता.

त्याने डाग घालवायचं टूल घेतलं. ते आजूबाजूचा पोत उचलून डाग झाकतं. 'अ' झाकायला गेला, तर शेजारच्या 'व'चा तुकडा तिथे येऊन बसला. पुन्हा घासलं. पुन्हा काळी रेघ.

फोन वाजला. पद्मजा.

"काका, झालं का नाव?"

"कोणतं?" त्याच्या तोंडून निसटलं.



"म्हणजे दिसलं तुम्हाला. आईनेच काढला होता तो फोटो. बाबांना दवाखान्यात डबा देऊन परत येताना. तेव्हा बाबा शुद्धीवर होते, काका."

"पद्मजा, ऐक..."

"शनिवारी आम्ही दोघी येतोय. आईला काही विचारायचंय."

पूर्णिमा चहा घेऊन आली, तेव्हा तो नव्या लेअरवर सावकाश 'अवधूत' लिहीत होता, जुन्या अक्षरांवर तंतोतंत. तिने कप बाजूला ठेवला. त्याने कॉन्ट्रास्ट पूर्ववत केला. नाव तरीही दिसत राहिलं. तारीख त्याने तशीच ठेवली आणि फोटो पाठवला.

दोन निळ्या खुणा लगेच उमटल्या. शनिवारला अजून तीन दिवस होते.