लाल रेघेखालच्या चिठ्ठ्या

वृषाली सोनवणे आमच्या दवाखान्यात आली त्या दिवसापासून माझ्या पोटात दुखायला लागलं. हे मी आज लिहितो आहे. तेव्हा कोणी म्हटलं असतं तर मी त्याला खोलीबाहेर काढलं असतं.

केडगावातला आमचा ट्रस्टचा दवाखाना काही मोठा नाही. पुरुषांचा आणि बायकांचा मिळून तीस खाटांचा मेडिकल वॉर्ड, आणि त्या वॉर्डाचा प्रमुख मी, डॉ. रंगनाथ दिघे. अठरा वर्षं तापाचे, दम्याचे, न्यूमोनियाचे रोगी मी एकट्याने ओढले होते. आणि ही कोण? मायक्रोबायोलॉजीत एम.डी. करून आलेली एकोणतीस वर्षांची मुलगी. जिन्याखालच्या खोलीत एक इन्क्युबेटर मांडून बसली आणि जंतू वाढवायला लागली. रोग्याच्या छातीला नळी लावायची नाही, नातेवाइकांची बोलणी खायची नाहीत, आणि वर मला सांगणार की कोणतं इंजेक्शन किती दिवस द्यायचं!

तिने ट्रस्टींना पटवून सत्त्याण्णवच्या जानेवारीपासून वॉर्डात एक नियम सुरू केला. अँटिबायोटिकला तिसरा दिवस लागला की सिस्टरने औषधाच्या कागदावर लाल पेन्सिलीने आडवी रेघ मारायची. तोवर कल्चरचा, म्हणजे रोग्याचे जंतू वाढवून केलेल्या तपासणीचा, रिपोर्ट येतो. डॉक्टरने तो पाहायचा आणि औषध थांबवायचं, बदलायचं किंवा तेच चालू ठेवायचं. चालू ठेवायचं असेल तर रेघेखाली कारण लिहून सही करायची. सही नसेल तर वॉर्डाच्या कपाटातून इंजेक्शनची पुढची बाटली, म्हणजे व्हायल, निघणार नाही. मुख्य रोख सेफोटॅक्सिम या जबर अँटिबायोटिकवर होता, कारण आम्ही ते सर्दीपासून सन्निपातापर्यंत सगळ्याला ठोकत होतो. आम्ही म्हणजे मी. इतरांचं शिक्षण माझ्याच हाताखाली झालेलं.

पहिल्यांदा माझ्या कागदावर ती रेघ पाहिली तेव्हा शाळेत वहीवर मास्तरांनी मारलेली रेघ आठवली. कोल्हारचा एक म्हातारा होता, न्यूमोनियातून उठत आलेला. ताप उतरला होता, रिपोर्टमध्ये साधं पेनिसिलीन चालेल असं आलं होतं. मी रेघेखाली सही केली नाही; रिपोर्ट न उघडताच पॅडवरची एक कोरी चिठ्ठी फाडली, 'सेफोटॅक्सिम, एक ग्रॅम, सहा' असं लिहिलं आणि त्याच्या बायकोच्या, झुंबरबाईच्या, हातात दिली.

"समोरच्या मेडिकलमधून घेऊन या."

"काल पत्तूर आतलीच सुई देत हुते की, डाक्टर," ती म्हणाली. "कपाटातली सपली व्हय?"

"संपली," मी म्हणालो.

कपाट भरलेलं होतं. पुष्पावती सिस्टर शेजारीच उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि ट्रे घेऊन पुढच्या खाटेकडे गेली. झुंबरबाई चिठ्ठी पदराला बांधून रस्ता ओलांडायला निघाली. त्यानंतर मी अशी एखाद-दुसरी चिठ्ठी लिहिली असेल. कोण लिहीत नाही?

ऑगस्टमध्ये वृषाली माझ्या खोलीत आली. नोव्हेंबरात पुण्याला डॉक्टरांची परिषद होती आणि तिला तिथे या कामाचं पोस्टर लावायचं होतं. त्यासाठी आधी गोषवारा पाठवायचा असतो. छापील फॉर्मवर निळ्या रेघांची चौकट असते आणि उद्देश, पद्धत, निष्कर्ष सगळं त्या चौकटीत, अडीचशे शब्दांत बसवायचं. ऑफिसातल्या सहादेवने तो टाइप करून दिला होता. मंगळवारी तो कुरियरने जायचा होता. विभागप्रमुख म्हणून माझी सही हवी होती.

"सर, जरा नजरेखालून घाला. काही चुकलं असेल तर सांगा," ती म्हणाली.

तिचं नाव पहिलं, माझं दुसरं. अठरा वर्षांत माझं नाव कुठल्याही परिषदेच्या कागदावर आलं नव्हतं, आणि आलं ते हिच्या शेपटाला बांधून.

मी वाचलं. शहाण्णवच्या जानेवारी ते जूनमध्ये ४१२ रोगी दाखल, सेफोटॅक्सिमच्या १६४८ व्हायल्स. लाल रेघ आल्यावर त्याच सहा महिन्यांत ४०५ रोगी, ८९१ व्हायल्स. शंभर रोग्यांमागे ४०० वरून २२०. पंचेचाळीस टक्के घट. मृत्यू आधी पंचवीस, नंतर चोवीस, म्हणजे औषध कमी केल्याने कोणी जास्त दगावलं नाही. पावसाळ्यात ताप वाढतात म्हणून दोन्ही वर्षांचे तेच महिने घेतले होते. पोरगी हुशार होती, आणि तेच मला सहन होत नव्हतं. पुण्यात माझ्या बरोबरीचे लोक या कागदापुढे उभे राहून माना डोलावणार, हे चित्र डोळ्यांपुढे आलं.

मग 'पद्धत' या मथळ्याखाली एक ओळ दिसली. व्हायल्सची संख्या वॉर्डाच्या साठा-वहीवरून घेतली आहे. मला आनंदाने उडीच मारावीशी वाटली. साठा-वहीत कपाटातून निघालेली व्हायलच दिसते. बाहेरून चिठ्ठीवर आणलेली तिथे कुठे असणार? पुण्या-मुंबईच्या मोठ्या कॉलेजात शिकलेल्या बाईला आपल्याकडचे नातेवाईक चिठ्ठी घेऊन रस्ता ओलांडतात, हे सुचलंच नव्हतं.

"सोमवारी देतो," मी म्हणालो. "नीट वाचून."

रविवारी सकाळी मी समोरच्या मेडिकलमध्ये गेलो. अझहरभाईंचं दुकान. त्यांची एक सवय मला ठाऊक होती. प्रत्येक पावतीची कार्बन प्रत ते वर्षानुवर्षं जपून ठेवत, आणि प्रत्येकीवर रोग्याचं नाव, औषध आणि चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांचं नाव असे.

"दिघेसाहेब, तुम्ही आणि माझ्या दुकानात?" ते हसले. "रोज तुमची चिठ्ठी येते, आज साक्षात साहेब!"

मी तेही हसण्यावारी नेलं. दाखल रोग्यांची यादी खिशात होती. दुकानाच्या मागच्या पोत्यांवर बसून मी पावत्या चाळायला लागलो. शहाण्णवचे सहा महिने लवकर उरकले, फक्त एक्केचाळीस व्हायल्स. मग सत्त्याण्णव काढलं. आकडा वाढत होता तसतसा माझा हात भरभर चालत होता. शंभर झाल्या, दोनशे झाल्या. तिचं पोस्टर मी एकेका पावतीने फाडत होतो, इतकं सुख मला कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं.

मार्चच्या गठ्ठ्यात कधीतरी माझं लक्ष डॉक्टरांच्या नावाच्या रकान्याकडे गेलं. दिघे. त्याखालची, दिघे. मी मागे गेलो. फेब्रुवारी, दिघे. जानेवारीत झुंबरबाईच्या नवऱ्याची पावती, दिघे. अझहरभाईंच्या किरट्या, निळ्या अक्षरात सगळीकडे मीच होतो.

जूनअखेर बेरीज केली. पाचशे सदुसष्ट व्हायल्स. त्यातल्या पाचशे अकरा माझ्या. एखाद-दुसरी चिठ्ठी म्हणे! आपण हसे लोकाला अन् शेंबूड आपल्या नाकाला.

अझहरभाईंनी चहा मागवला. मी तो प्यायलो, पण चव कळली नाही. दोन्हीकडच्या व्हायल्स मिळवल्या तर हिशेब ४१० वरून ३६० वर येत होता. पंचेचाळीस टक्क्यांची घट बारा टक्क्यांवर आली. हे सांगावं तर माझी चिठ्ठी-गिरी उघडी पडणार. गप्प बसून सही करावी तर खोट्या आकड्यावर तिची वाहवा होणार आणि मी ती बघत बसणार. दोन्हींत जास्त काय झोंबलं म्हणाल, तर वाहवा. मी खरेपणासाठी तोंड उघडलं असं कोणी समजू नये.

सोमवारी मी तिला बोलावलं. "तुमचा आकडा चुकला आहे," मी म्हणालो, आणि साठा-वही, चिठ्ठी, पावत्या सगळं सांगितलं. पाचशे सदुसष्ट सांगितले. पाचशे अकरा सांगितले नाहीत.

मला वाटलं होतं ती रडेल, निदान वाद घालेल. तिने फॉर्म पुढे ओढून 'पद्धत'खालची ती ओळ पुन्हा वाचली.

"माझीच चूक, सर," ती म्हणाली. "मी कपाटापाशीच थांबले. रोग्याला औषध कपाटातून मिळतं की नातेवाइकाच्या हातातून, हे बघायला हवं होतं." मग तिने विचारलं, "या चिठ्ठ्या कोणाच्या?"

"सगळ्यांच्याच. थोड्या-थोड्या," मी म्हणालो.

ती उठली आणि थेट अझहरभाईंकडे गेली. दुपारभर तिथे होती. पाहिल्याशिवाय ती काही लिहीत नसे, हे मला कळायला हवं होतं. संध्याकाळी ती परत आली, पण माझ्या खोलीत आली नाही. मंगळवारी सहादेवने नवा फॉर्म टाइप केला. माझं नाव दुसरंच होतं. निष्कर्षात लिहिलं होतं की साठा-वहीवर दिसलेली बहुतेक घट खरी नव्हती, औषध बाहेरून येत होतं. लहान दवाखान्यांनी अँटिबायोटिकचा वापर मोजताना बाहेरच्या चिठ्ठ्याही मोजाव्यात. ज्या चुकीने ती पडायला हवी होती तीच तिने पोस्टरच्या मध्यभागी मांडली. मी सही केली. पेन कागदात रुतलं.

नोव्हेंबरात आम्ही दोघं एस.टी.ने पुण्याला गेलो. हॉलमध्ये साठ-सत्तर पोस्टरं होती, रंगीत, चकचकीत. आमचं पांढऱ्या कार्डशीटवर, स्केचपेनने. आणि गर्दी आमच्यापुढे! जो तो म्हणत होता, अहो, आमच्याकडेही हेच असणार, आम्ही कधी मोजलंच नाही. लोक तिचा पत्ता लिहून घेत होते. मी बाजूला खांबाला टेकून उभा होतो आणि मला कोणी विचारत नव्हतं.

तिची फाइल टेबलावर उघडी होती. वरच्याच कागदावर तिने पावत्या नोंदल्या होत्या, डॉक्टरांच्या नावाप्रमाणे. पहिली ओळ होती: दिघे, ५११. मी ती दोनदा वाचली. तीन महिने तिला माहीत होतं. रोज सकाळी ती मला नमस्कार करत होती.

तेवढ्यात एक वयस्कर प्राध्यापक चष्मा वर करून म्हणाले, "एवढ्या चिठ्ठ्या लिहिल्या कोणी?"

वृषालीने फाइल मिटली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. "वॉर्डातल्या काही डॉक्टरांनी, सर. नियम नवीन होता, आम्हीच नीट समजावून सांगितला नाही."

तिचं हे मोठेपणही मला सलत होतं. आता माझी लाजसुद्धा तिने आपल्या पदरात घेतली होती, आणि तीही नीटनेटकी घडी घालून. माझं म्हणून काही उरलंच नाही.

"मी लिहिल्या," मी म्हणालो. "पाचशे अकरा व्हायल्सच्या. एकट्याने."

गर्दी वळली. प्राध्यापकांनी खिशातून वही काढली आणि माझं नाव विचारलं. मी सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं. अठरा वर्षांत पहिल्यांदा.

"आणि का लिहिल्या, डॉ. दिघे? हे तर फार महत्त्वाचं आहे. औषध संपलं होतं का?"

"कपाट भरलेलं होतं," मी म्हणालो. "रोगीही बरे होत होते. पण ती रेघ हिने आखायला लावली होती."