बोनसचं कलम

आमच्या ह्यांचं, मुकेशचं, डोकं चिकूच्या वाडीत भारी चालतं. शेअरमध्ये मात्र चालत नाही, आणि ते त्यांना मान्य नाही.

बावीस वर्षांपूर्वी, मी शाळेत शिक्षिका असताना, पगाराच्या थकबाकीचे बेचाळीस हजार मिळाले होते. मी एकाच कंपनीचे शंभर शेअर घेतले, चारशे वीसच्या भावानं. तेव्हापासून दर दिवाळीला दीर लाहूभावजी विचारतात, "वहिनी, कागदाला मोहोर आला का?" हेही हसतात. मला राग येतो. अजूनही येतो.

यंदा ह्यांनी ठरवलंच. "विकून टाकू. एफडीत सात टक्के मिळतात, तुझे शेअर पाचच देतात."

"सातच्या वर निघाले तर?"

"तर पुन्हा नाव काढणार नाही."

रिटर्न भरायचाच होता. चोवीस-पंचवीस सालची स्टेटमेंटं घेऊन आम्ही डहाणूहून तलासरीला नविनभाईंकडे गेलो. ते आमचे टॅक्सवाले.

ह्यांनी हिशेब मांडला. "चारशे शेअर, प्रत्येकी चारशे वीस. एक लाख अडुसष्ट हजार. बँकेत लाभांश आला आठ हजार सहाशे चाळीस. पाच टक्के आणि वर थोडं."

नविनभाई म्हणाले, "आधी लाभांश. चोवीस रुपयांनी चारशे शेअरचा नऊ हजार सहाशे. दहा टक्के टॅक्स कापून बँकेत आला. उत्पन्न पूर्ण धरायचं, कापलेला टॅक्स रिटर्नमध्ये दाखवायचा."

"तरी सहाला पोचत नाही!" हे खूश.

मला राहवेना. "अहो, मी चारशे घेतलेच कुठे? शंभर घेतले. बाकीचे दोनदा एकास एक बोनस मिळाले, फुकट; शंभराचे दोनशे, दोनशेचे चारशे. आपल्याच झाडावर कलमं बांधून वाडी वाढवली, तर त्या कलमांना नर्सरीचा भाव लावता का?"

कलमाचा खर्च ह्यांच्याइतका कोणाला ठाऊक!

नविनभाईंनी कॅल्क्युलेटरवर आकडे मारले. "बेचाळीस हजारांवर नऊ हजार सहाशे. मूळ किमतीवर जवळजवळ तेवीस टक्के, बाई."

मला नाचावंसं वाटलं. पण ते पुढे म्हणाले, "यातून तुमची जुनी खरेदी कशी होती ते कळतं. आज विकावं का, त्यासाठी आजचा भाव बघा. तो आठशे आहे, त्यावर लाभांश तीनच टक्के."

हे लगेच सावरले. "म्हणजे विकायला हरकत नाही!"

"ते मी ठरवीन," मी म्हटलं. शेअर ठेवायचे की नाही याची मला फिकीर नव्हतीच. तेव्हा माझं चुकलं नव्हतं, एवढंच मला हवं होतं.

बाहेर आल्यावर ह्यांनी भावाला फोन लावला. "लाहू, ऐक. आम्ही ते शेअर घेतले होते ना, त्यांचा तेवीस टक्के परतावा आहे!"

मी नुसतं बघितलं.

हे खाकरले. "म्हणजे, दक्षानं घेतले होते. मी नको म्हणत होतो."

बावीस वर्षांतला सगळ्यात मोठा लाभांश मला तलासरीच्या रस्त्यावर मिळाला, आणि त्यावर टॅक्सही कापला गेला नाही.