तारेनं बघायचं

कारखान्याच्या दारात आलेल्या प्रत्येक रेलिंगला भोक आहे की नाही, हे बघणं तिचं काम. नवरा आत जस्ताच्या कढईवर. चारशे पन्नास अंशांवर वितळलेलं जस्त; त्यात बुडवलेलं लोखंड वर्षानुवर्षं गंजत नाही. रंग नुसता बाहेरून बसतो, जस्त पाइपाच्या आतही शिरतं. पण आत शिरायला आणि कोंडलेली हवा बाहेर पडायला भोक हवंच. बंद पाइप बुडवला की आतल्या ओलाव्याची वाफ होते आणि पाइप फुटतो.

लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात नवऱ्यानं तिच्या हातात एक तार दिली होती. "बायकोला लोक सोनं देतात, मी तार देतोय. आणि हे बघ, नुसतं बघायचं नाही. खुपसायची."

आज सकाळी पाण्याच्या टाकीभोवतीचं रेलिंग आलं. चोवीस नग. सतरावा तपासताना फोन वाजला.

"अगं, ताप उतरतच नाहीये," सासूबाई म्हणाल्या. "डोळेसुद्धा उघडत नाही पोरगी."

"आई, मिठाच्या नाही, साध्या पाण्याच्या घड्या ठेवा. मी निघतेच!"

उरलेल्या सात नगांवरून तिनं नजर फिरवली. प्रत्येक टोकाशी काळा ठिपका होता. आहेत भोकं. तिनं चिठ्ठीवर सही केली. माल धुवायला, मग आम्लाच्या हौदात गेला.

पण बदली माणूस मिळून रजा मंजूर होईतो दुपार झाली. तेवढ्यात सकाळचं रेलिंग बनवणाऱ्या फॅब्रिकेटरचीच दुसरी खेप आली. सवयीनं तिनं काळ्या ठिपक्यावर तार टेकवली. तार आत जाईना. तिनं बोट घासलं. बोटाला शाई लागली.

भोक पाडायची खूण. ड्रिल मारायचंच राहिलं होतं.

ती कढईकडे धावली. सकाळचं रेलिंग क्रेनला लटकून जस्तात उतरत होतं. "थांबवा! अहो, क्रेन थांबवा!"

पंख्यांच्या घरघरीत कोणालाच काही ऐकू गेलं नाही. नवऱ्यानं तिला पाहिलं मात्र. हसून त्यानं हात वर केला: काय झालं?

मग आवाज झाला.

रात्री इस्पितळाच्या बाकावर सासूबाई तिच्या शेजारी बसल्या होत्या. मांडीवर झोपलेल्या पोरीचा ताप उतरला होता. डॉक्टर नुकतेच सांगून गेले होते: नवऱ्याचा जीव वाचला, डोळे मात्र गेले.

"तो तर नेहमी म्हणायचा, माझी बायको दारात आहे, मला कसली भीती," सासूबाई पुटपुटल्या. मग हळूच विचारलं, "तू बघितलं होतंस ना गं?"

तिच्या मुठीत अजून तार होती. तळव्यावर वळ उमटला होता.

"हो आई," ती म्हणाली. "बघितलं होतं. नुसतं बघितलं होतं."