सगळ्यांचं ६३२.८

आमच्या फिजिक्सच्या लॅबमधे दोन फटींच्या प्रयोगाचं उत्तर प्रयोगाच्या आधीच ठरलेलं असतं. ते तोष्णीवाल सरांच्या झेरॉक्समधे छापलेलं आहे. तेव्हा त्यात बत्तीस प्रश्न होते, बत्तीस उत्तरं. प्रश्न सातवा: लेसरची तरंगलांबी किती? उत्तर: ६३२.८ नॅनोमीटर. पोरं ते घोकून येतात, मग उलटं गणित करून आकडे लिहितात. एकतीस वर्षं मी या लॅबमधे सहाय्यक आहे. पोरं मला मामा म्हणतात. या झेरॉक्सचा मला इतका राग येतो, की सांगायची सोय नाही.

सोय नाही, कारण त्यातलं एक पाप माझ्या हातचं आहे. दहा वर्षांपूर्वी हेलियम-निऑन लेसरची जुनी नळी गेली. नवी महाग. तोष्णीवाल सर विभागप्रमुख, ते म्हणाले, "नागरगोजे, एक साधा लाल डायोड आणा आणि जुन्याच डब्यात बसवा. रजिस्टरवर डबा आहे, तपासणीला डबा दिसला की झालं." मी बसवला. डायोडवर ६५० लिहिलेलं होतं. डब्यावर ६३२.८ तसंच राहिलं, झेरॉक्सवरही. तेव्हा मी गप्प बसलो.

नऊ वर्षांत एकाही पोराला डब्यातला फरक कळला नाही, कारण कुणी मोजलंच नाही. मग उन्नती जोंधळे आली. तिसऱ्या वर्षाची, वडील बोरीच्या शाळेत शिपाई. ती प्रत्येक प्रयोगाला शेवटपर्यंत थांबायची. मी कुलूप घेऊन दारात उभा आणि ही पडद्यासमोर पट्टी धरून वाकलेली.

"मामा, एकच रीडिंग राहिलंय."

"तुझं एकच कधी संपत नाही, बाई."

तिने फटींमधलं अंतर झेरॉक्समधून उचललं नाही. सूक्ष्मदर्शकाखाली स्वतः मोजलं: ०.२५ मिलिमीटर, इकडेतिकडे ०.०१. पडदा दोन मीटरवर. पडद्यावरचा उजेडाचा एकच पट्टा मोजला तर चूक फार होते म्हणून तिने दहा पट्टे एकदम मोजले. बावन्न मिलिमीटर आले, म्हणजे एक पट्टा ५.२. उत्तर आलं ६५०.

तोष्णीवाल सरांनी जर्नल तिच्यासमोर आपटलं. "सगळ्या बॅचचं ६३२.८ येतं आणि तुझं ६५०? परत लिहून आण."

"सर, परत मोजते."

"मोजू नकोस, लिही."

तिने परत मोजलं. परत ६५०. सरांनी लाल शाईने 'निष्कर्ष चूक' लिहून सही केली. तिला एम.एस्सी.साठी विद्यापीठात जायचं होतं. त्यासाठी पहिला वर्ग हवा होता आणि प्रॅक्टिकलमधे कमी पडून चालणार नव्हतं. हे सरांनाही माहीत होतं.

परीक्षेच्या दिवशी चिठ्ठीत तिला तोच प्रयोग निघाला. बाहेरून लिगाडे सर आले होते, परीक्षक. त्यांच्या हातात आमचीच झेरॉक्स. तोष्णीवाल सरांनी चहाबरोबर ती त्यांना दिली होती, म्हणजे परीक्षकालाही विचार करायला नको. मी पडदा सरळ करत शेजारीच उभा होतो.

"लेसरच का? दोन साधे दिवे का नाही चालत?"

"दोन वेगळ्या दिव्यांच्या लाटांचा एकमेकांशी काही मेळ नसतो, सर. पट्टे टिकत नाहीत. इथे एकाच झोताचे दोन भाग होतात, म्हणून मेळ राहतो."

"एक फट झाकली तर?"

"हे बारीक पट्टे जातील. एका फटीचा रुंद, मधे उजळ असा पसारा राहील."

"सगळं पाण्यात बुडवलं तर?"

"पाण्यात तरंगलांबी कमी होते. पट्टे जवळजवळ येतील."

लिगाडे सरांनी मान हलवली. मलाही बरं वाटलं. मग त्यांनी उत्तरपत्रिका उलटली आणि कपाळाला आठी पडली. "६५०, अधिक-उणे २६. हे काय? ही हेलियम-निऑन आहे ना? ६३२.८ पाहिजे."

"तेच म्हणतोय मी," तोष्णीवाल सर म्हणाले. "दोन मार्क देऊन पाठवा हिला."

"सर, फटींमधल्या अंतरातच चार टक्के शंका आहे. मोठी चूक तिथेच आहे. म्हणून २६."

"मग ६३२.८ तुझ्या हद्दीत बसतंच की. तेच लिहायचं," तोष्णीवाल सर म्हणाले.

"बसतं, सर. पण मी मोजलेलं ते नाही."

"बाकी एकोणीस जणांचं बरोबर आणि तुझं एकटीचंच चूक?"

पोरीने पट्टी त्यांच्यापुढे धरली. "पट्टीवर मिलिमीटरच्या खाली रेघ नाही, सर. मग एकोणीस जणांना दशांशापर्यंत एकच आकडा कसा आला?"

"उद्धटपणा बघा," तोष्णीवाल सर म्हणाले आणि गुणांच्या कागदाकडे हात नेला.

माझं डोकं फिरलं. नऊ वर्षांचा राग एकदम वर आला, आणि त्यातला अर्धा माझा माझ्यावरच होता. मी वीज बंद केली, खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि डब्याचे चारही स्क्रू उघडले.

"नागरगोजे, काय करताय?"

"जे मी बसवलं ते दाखवतोय."

डब्यात अंगठ्याएवढा डायोड, चिकटपट्टीने बांधलेला. त्यावर लिहिलेलं लिगाडे सरांनी चष्मा वर करून वाचलं. खुर्चीत टेकून बसले. मग आपल्या हातातल्या झेरॉक्सची घडी केली आणि टेबलाच्या कडेला ठेवली. उन्नतीला वीसपैकी एकोणीस दिले. बाकीच्या एकोणीस जणांच्या उत्तरांना हात लावला नाही.

तिला पहिला वर्ग मिळाला, ती विद्यापीठात गेली. मला 'कारणे दाखवा' नोटीस मिळाली: साठ्यातली वस्तू परवानगीशिवाय उघडली. कारण मी एका ओळीत लिहिलं: आत काय आहे ते दाखवायला. वर्षाची वेतनवाढ अडकली, ती अजून अडकलेलीच आहे.

तोष्णीवाल सरांनी मात्र काम केलं, त्यांचं श्रेय नाकारायला नको. पुढच्या वर्षी झेरॉक्स सुधारली. प्रश्न सातवा, उत्तर: ६५० नॅनोमीटर. शिवाय नवा तेहेतिसावा प्रश्न: शंका किती आणि का? उत्तर: अधिक-उणे २६, कारण फटींमधल्या अंतरातच चार टक्के शंका आहे. उन्नतीचं वाक्य, जसंच्या तसं. तिचं नाव तेवढं नव्हतं.

त्या वर्षी पहिल्या बॅचचा हा प्रयोग एका मंगळवारी अकरा ते तीन होता. सकाळी अकराला लाईट गेली ती तीनला आली. डायोड विजेवर चालतो. पडदा चार तास कोरा होता आणि मी त्याच्यासमोर स्टुलावर बसून होतो.

संध्याकाळी जर्नलं गोळा केली. बावीस जर्नलं. प्रत्येकात दहा पट्टे, बावन्न मिलिमीटर, ६५०, अधिक-उणे २६. तोष्णीवाल सरांनी त्याच रात्री सगळ्यांवर सही केली. लाल शाईने, 'निष्कर्ष बरोबर'.