गिलेनच्या वहीतली मुलगी

रिमूस्की या फ्रेंच बोलणाऱ्या गावाला येऊन चार महिने झाले तरी ब्रॉनविनला फ्रेंच म्हणावं तसं जमत नव्हतं. न्यूफाउंडलंडमध्ये वाढलेली बाई ती, इंग्लिशशिवाय कशाची गरजच कधी पडली नव्हती. नवरा बोटीवर पंधरा-पंधरा दिवस बाहेर. सकाळी ती तीन वर्षांच्या एव्हरेटला गिलेनच्या घरच्या पाळणाघरात सोडायची आणि स्वतः फ्रेंचच्या वर्गाला जायची.

गिलेन रोज एका वहीत पोराचा दिवस लिहून द्यायची, दोन-तीन ओळी. तिचं अक्षर इतकं गिचमिड की फोनवरच्या भाषांतरालासुद्धा लागेना. ब्रॉनविन ते शब्द-शब्द जुळवून वाचायची. पहिल्या आठवड्यात तिने स्वतःच एक चिठ्ठी करून फ्रिजवर लावली होती: ‘सों’ म्हणजे त्याचं, ‘सा’ म्हणजे तिचं. वर्गात ते अजून शिकवलं नव्हतं, पण तिला ते उघडच वाटलं होतं.

म्हणून सोमवारच्या ओळीत तिने वाचलं, एव्हरेटने तिचं सफरचंद खाल्लं. असेल कुणा मुलीचं, तिला वाटलं. मंगळवारी त्याने तिचा हातमोजा हरवला. बुधवारी तो तिच्या खुर्चीवर बसून रडला आणि मग तिच्या पांघरुणावर झोपला. कोटापुढे मात्र ‘सों’ होतं, म्हणजे तो त्याचाच.

गुरुवारी तिने मोडक्या फ्रेंचमध्ये विचारलं, की ती छोटी मुलगी कोण. गिलेन हसली. “मुलगी कुठली आणतेस? चार टोणगे आहेत माझ्याकडे, आणि मुलगी म्हणशील तर मी एकटी, एकसष्ट वर्षांची.”

ब्रॉनविनने गिलेनच्या मागे पाहिलं. जिन्याखाली चार खुंट्या, चार कोट. मग खुर्ची कुणाची?

त्या दिवसापासून तिने आंघोळीच्या वेळी पोराला विचारायला सुरुवात केली. आज ती होती का? कुठे बसली? तुला काही म्हणाली का? दोन दिवस एव्हरेट नुसता बघत राहिला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, जिन्यापाशी बसते. चौथ्या दिवशी म्हणाला, तिचे केस ओले होते. ती काय बोलते, असं विचारल्यावर त्याने साबणाची वडी पाण्यात सोडली.

“बोलत नाही. तिला इंग्लिश येत नाही.”

ब्रॉनविनचे हात टबाच्या काठावर तसेच राहिले. पुढच्या शुक्रवारपर्यंत तिने मनाशी ठरवून टाकलं होतं, पोराला तिथून काढायचं, वर्ग बुडाला तरी चालेल.

त्याच शुक्रवारी वर्गातल्या रेजां मास्तरांनी एका विद्यार्थिनीची लोकरी टोपी उचलून आपल्या टकलावर चढवली. टोपी बाईंची असो की या बुवाची, म्हणाले, म्हणायचं ‘सा’च, कारण टोपी स्त्रीलिंगी. कोट बाईंचा असला तरी ‘सों’, कारण कोट पुल्लिंगी. मालक बाई की बुवा, हे त्या एका शब्दावरून कळतच नाही.

ब्रॉनविनने वही बाकाखाली उघडली. सफरचंद, हातमोजा, खुर्ची, पांघरूण, फ्रेंचमध्ये चारही स्त्रीलिंगी. चारही एव्हरेटची. कोट पुल्लिंगी होता, म्हणून तेवढाच त्याचा वाटला होता. तिला हसू फुटलं, ते आवरेना. रेजां म्हणाले, “हसा मादाम, दर वर्षी या टोपीत निम्मा वर्ग अडकतो.”

साडेचारला ती पोराला घेऊन घरी आली. अंधार पडला होता, बाहेर उणे बावीस. दाराशी त्याचे बूट काढता काढता तिने सांगितलं, की मम्मीची चूक झाली. सफरचंद तुझंच होतं, खुर्ची तुझीच होती. मुलगी कुणी नव्हतीच.

एव्हरेटने नीट ऐकून घेतलं. “खुर्ची माझी,” तो म्हणाला.

“हो, राजा. सगळं तुझंच.”

“मग ती कुठे जाईल?”

कुठेच नाही, ती म्हणाली, ती नाहीच आहे ना. एव्हरेटने बंद दाराकडे पाहिलं. आवाज न करता त्याचे डोळे भरून आले.

“ती आपल्याबरोबर आली. तू दार लावलंस.”

ब्रॉनविनने पुन्हा समजावलं. त्याची टोपी काढून हातात धरून दाखवली, मास्तरांसारखी. तो मान डोलावत होता आणि रडत होता. तिला कळत होतं, वहीतून त्या मुलीला काढून टाकणं सोपं होतं. पण पोराच्या डोक्यात तिला आणून बसवलं होतं ते वहीने नाही. टबाच्या काठावर बसून, रोज एक प्रश्न विचारून, आईनेच.

तिने कडी काढली. थंडी पायांवरून आत घुसली. पायरी रिकामी होती, तिच्यावर बर्फ वितळावा म्हणून सकाळी टाकलेलं मीठ आणि दोघांच्या बुटांचे ठसे, तेवढेच. तिने ते मोजले. एका माणसाला आत यायला जेवढा वेळ लागतो तेवढी ती दार धरून उभी राहिली. मग आणखी थोडी, कारण लहान पायांना उंबरा चढायला वेळ लागतो.

तिने दार लावलं. एव्हरेटने बाहीने नाक पुसलं, खाली वाकला आणि आपले बूट चटईच्या एका कडेला सरकवून जागा केली.