अंगणातला ओला डाग

सोमवार, बुधवार, शुक्रवार. रुसीला, माझ्या नवऱ्याला, डोंगरापलीकडच्या शहरात डायलिसिसला न्यायचं. निघताना शेजारच्या मित्रा आजी गाडीपुढे तांब्याभर पाणी ओततात. आमच्याकडे प्रवासाला निघणाऱ्यासाठी असंच करतात, म्हणजे वाट पाण्यासारखी सरळ जाते. परतल्यावर गाडी तिथेच लावायची मी. डाग संध्याकाळीही ओला दिसे. मला वाटे, आजींचा आशीर्वादच सुकत नाही.

ईस्टरआधीचे लेंटचे उपास चालू होते. त्या बुधवारी प्रार्थना आटोपून निघाले. वळणांवर आठवडाभर मधूनच लुकलुकणारा, डॅशबोर्डवरचा स्टिअरिंगचा पिवळा दिवा आज विझेचना. अंगणातून वळताना गाडी कुंईऽऽ करून रडली आणि स्टिअरिंग दगडासारखं जड झालं. गेल्या वर्षी मोडून जुळलेलं माझं मनगट कळवळलं. पुढे घाटातली अकरा वळणं, आणि अकराला रुसीचं मशीन. सोमवारनंतर त्याचे पाय सुजले होते. आजची पाळी चुकून चालणार नव्हतं.

सरळ रस्त्यावर, वेगात, तेवढं जड लागेना. तशीच उतारावरच्या तोन्चोदादांच्या गॅरेजपर्यंत आणली. दादांनी हातातलं काम टाकून बॉनेट उघडलं.

"वहिनी, स्टिअरिंगच्या तेलाचा डबा कोरडा पडलाय. पंप तेलाऐवजी हवा ओढतोय, म्हणून ओरडतोय बिचारा. अंगणात डाग नाही दिसला?"

"दिसला की. पण ते मित्रा आजींचं पाणी."

"बोट लावून पाहिलंत?"

"शुभ पाण्यात बोट घालतात का कुणी?"

दादांनी पाइपखाली बोट फिरवून दाखवलं. लालसर, चिकट. बाकावर बसलेला रुसी म्हणाला, "स्वतः उपास करते, गाडीलाही घडवते!"

"तुम्ही गप्प बसा," दादा म्हणाले, "तुमच्यामुळेच घाई आहे."

डब्याकडे परतणाऱ्या पाइपची क्लिप सैल झाली होती. दादांनी पाइपचं चिरलेलं टोक कापलं, नवी क्लिप आवळली, लाल तेल भरलं. मग पुढची चाकं जॅकवर उचलून मला आत बसवलं.

"इंजिन बंदच ठेवा. डावीकडे शेवटपर्यंत, मग उजवीकडे. हळूऽ. अडकलेली हवा निघतेय, बुडबुडे येताहेत."

डबा पाहत, तेल घालत ते फेऱ्या मोजत होते. मी मनातल्या मनात येशूचं नाव घेत होते. बुडबुडे थांबल्यावर इंजिन सुरू केलं. पुन्हा डावीकडे, उजवीकडे, पण टोकाला दाबून न धरता. कुंई विरली. दिवा विझला. गाडी खाली उतरवून पाहिलं, तर स्टिअरिंग दोन बोटांनी फिरलं.

"दादा, कसे उपकार फेडू?"

"संध्याकाळी परत आणा, तेल किती ते बघतो. आता निघा!"

घाटात मनगटाला कळ आली नाही. अकराला पाच मिनिटं कमी असताना रुसी मशीनपाशी पोहोचला. सुई लागली, त्याने डोळे मिटले. मी बाहेरच्या बाकावर बसले आणि प्रार्थनेत आधी तोन्चोदादांचं नाव घेतलं, मग त्याचं.